२७ इंची मॉनिटर घेताना फुल एचडी पुरतो का?

प्रश्न: सर, मिरजेत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, हँडबिलं, सोसायट्यांचे अहवाल असं काम दिवसभर चालतं, सगळं पेजमेकर, श्रीलिपी आणि कोरलमध्ये. आता साडेएकवीस इंची फुल एचडी मॉनिटर आहे. डोळे दुखतात म्हणून २७ इंची घ्यायचा विचार आहे. एक दुकानदार म्हणतो, २७चा फुल एचडी घ्या, अक्षर मोठं दिसेल. दुसरा म्हणतो, घेताय तर फोर-केच घ्या. कॉम्प्युटर जुना आय-थ्री, एच-६१ बोर्डचा आहे. फुल एचडी पुरेल का?

उत्तर: २७ इंचात फुल एचडी घेऊ नका. आणि पेजमेकरवर काम चालू आहे तोवर फोर-केही घेऊ नका. तुमच्या कामाला २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलचा पॅनल बरोबर बसतो. बाजारात त्याला क्यूएचडी म्हणतात, काही जण टू-के म्हणतात. फक्त तुमच्या सध्याच्या बोर्डावर तो थेट चालणार नाही, एक छोटं ग्राफिक्स कार्ड घालावं लागेल. त्याचं पुढे सांगतो.

आधी दोन्ही दुकानदारांच्या म्हणण्यात काय खरं आहे ते बघू. पहिला म्हणतो अक्षर मोठं दिसेल, ते खरंच आहे. तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल आहेत. २७ इंची फुल एचडीवरही तेवढेच असतात, फक्त प्रत्येक पिक्सेल मोठा होतो. म्हणजे अक्षर मोठं होतं, पण ते जितक्या ठिपक्यांनी बनलंय तितक्याच ठिपक्यांनी बनलेलं राहतं. हिशोबाच्या पाटीवरचा आकडा नुसता वाचायचा असेल तर एवढं पुरतं. प्रूफ तपासायचं असेल तर पुरत नाही. का ते तुमच्याच पानावर दाखवतो.

समजा एखाद्या सोसायटीचा अहवाल आहे, ए-फोर पान, मजकूर १० पॉइंटात. पानाची मांडणी बघण्यासाठी तुम्ही पेजमेकरमध्ये फिट इन विंडो करता, पूर्ण पान पडद्यावर येतं. फुल एचडीची उभी उंची १०८० पिक्सेल. त्यातला वरचा मेनू, पट्ट्या आणि खालचा टास्कबार वजा केला की पानाला साधारण ९०० पिक्सेल उरतात. ए-फोर पानाची उंची ११.६९ इंच, म्हणजे पानाच्या एका इंचाला ७७ पिक्सेल आले. १० पॉइंट म्हणजे इंचाचे ७२ भाग करून त्यातले १०. तर तुमच्या अख्ख्या ओळीतल्या अक्षराला, वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंत, जेमतेम ११ पिक्सेलची उंची मिळते.

आता त्या ११ पिक्सेलमध्ये ‘वार्षिक’ हा शब्द बसवून बघा. अहवालाच्या मथळ्यातच तो असतो आणि आतल्या पानांवर पुन्हापुन्हा येतो. ‘र्षि’ हे अक्षर घ्या. शिरोरेषेच्या वर वेलांटीची कमान आणि तिला चिकटून रफार, या दोघांना मिळून तीनेक ओळी. शिरोरेषेला एक. खाली अक्षराच्या अंगाला पाच-सहा. बाकीच्या उकारासाठी राखलेल्या. तीन ओळींत कमान आणि रफार वेगवेगळे काढताच येत नाहीत, दोन्ही मिळून एक करडा डाग होतो. खाली ‘ष’च्या पोटातली तिरकी रेघ दोन-तीन पिक्सेलच्या पोकळीत काढायची असते, तीही बुजते आणि ‘ष’ आणि ‘प’ सारखेच दिसायला लागतात. टाइप करणाऱ्याकडून रफार सुटून ‘वाषिक’ झालं असेल किंवा ‘ष’ऐवजी ‘प’ पडला असेल, तर या पडद्यावर पूर्ण पान बघताना तुम्हाला ते कळणारच नाही. मग झूम करता, सरकवता, पुन्हा मागे येता. दिवसभर हेच चालतं. तुमचे डोळे दुखण्यात याचा वाटा मोठा असणार, कारण बुजलेलं अक्षर ओळखायला माणूस नकळत मान पुढे काढतो आणि डोळे बारीक करतो.

इंग्रजीत ही अडचण कमी जाणवते. तिथं अक्षराच्या डोक्यावर आणि पायाशी एवढी गर्दी नसते. बाहेरच्या बहुतेक सल्ल्यांत २७ इंची फुल एचडी ‘ऑफिससाठी ठीक’ असतो तो इंग्रजी मजकूर धरून. मराठीत दिवसभर बारीक टाइपात काम करणाऱ्याला तो सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. वरच्या हिशोबात मी पडद्याचे इंच कुठंच वापरले नाहीत. साडेएकवीस इंची असो, २४ असो की २७, फुल एचडीवर पूर्ण पानाला ९०० पिक्सेलच मिळतात. म्हणजे २७ इंची फुल एचडी घेतला तर तोच डाग थोडा मोठा दिसेल, एवढाच फरक. क्यूएचडीवर उभी उंची १४४० पिक्सेल. पट्ट्यांचे १८० वजा केले तर पानाला १२६० मिळतात. १० पॉइंटच्या अक्षराला ११ऐवजी १५ पिक्सेल. चार पिक्सेल ऐकायला थोडे वाटतात, पण त्यातला एक-दीड जातो शिरोरेषेच्या वर आणि दोनेक अक्षराच्या पोटात. तिथं कमानीपासून रफार सुटा दिसायला लागतो आणि ‘ष’ची रेघ उमटते. मराठी प्रूफाच्या दृष्टीनं मला तरी हाच उंबरठा वाटतो. १५च्या खाली तपासणी म्हणजे अंदाज.

शिवाय २७ इंची पडद्याची प्रत्यक्ष उंची सव्वातेरा इंच असते. पट्ट्या वजा जाऊनही ए-फोर पान जवळपास छापील आकारात, अखंड दिसतं. साडेएकवीस इंचीची उंची साडेदहा इंच, तिथं पान लहान करूनच बघावं लागतं. मोठा पडदा घेण्याचा तुमचा विचार म्हणूनच बरोबर आहे, फक्त इंचांबरोबर पिक्सेलही वाढले पाहिजेत.

आता घनता आणि अंतर. कुठलाही मॉनिटर किंवा टीव्ही घेताना हा हिशोब करता आला की दुकानदार काय म्हणतो यावर अवलंबून राहावं लागत नाही. फुल एचडीच्या पडद्याचा कर्ण, म्हणजे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, पिक्सेलमध्ये मोजला तर साधारण २२०३ भरतो. क्यूएचडीचा २९३७ आणि फोर-केचा ४४०६. या आकड्याला पडद्याच्या इंचांनी भागलं की एका इंचात किती पिक्सेल आहेत ते मिळतं. त्यालाच पीपीआय म्हणतात. तुमचा आत्ताचा मॉनिटर १०२ पीपीआय आहे. २७ इंची फुल एचडी ८२. म्हणजे नवीन घेऊन तुम्ही घनतेत मागे जाल. २७ इंची क्यूएचडी १०९ आणि २७ इंची फोर-के १६३.

हे पिक्सेल डोळ्याला सुटे दिसतात की नाही ते अंतरावर ठरतं. नजर ६/६ असेल तर माणसाला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा दिसतो. त्यावरून सोपा हिशोब निघतो: ८७०० भागिले पीपीआय केलं की सेंटिमीटरमध्ये एक अंतर येतं. त्या अंतराच्या पलीकडे बसलात तर पिक्सेल वेगळे जाणवत नाहीत. त्याच्या अलीकडे बसलात तर अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. २७ इंची फुल एचडीसाठी हे अंतर १०६ सेंटिमीटर येतं, २४ इंची फुल एचडीसाठी ९५, तुमच्या आत्ताच्या मॉनिटरसाठी ८५, २७ इंची क्यूएचडीसाठी ८० आणि २७ इंची फोर-केसाठी ५३.

टेप घेऊन एकदा डोळ्यापासून पडद्यापर्यंत मोजा. टेबलावर काम करणारे बहुतेक जण ५५ ते ७० सेंटिमीटरवर बसतात. मग तुम्ही विचाराल की ८०च्या आत बसून क्यूएचडीही कमीच पडतो ना? काटेकोर बघितलं तर हो, अगदी तिरक्या रेघेत पायऱ्या किंचित जाणवतील. पण हा हिशोब पिक्सेल दिसायला कुठून सुरुवात होते ते सांगतो. त्रास कुठून सुरू होतो ते सांगत नाही. ८० लागतात तिथं ६५वर बसणं डोळा सहज सांभाळून घेतो. १०६ लागतात तिथं ६०वर बसणं म्हणजे प्रत्येक पिक्सेल त्याच्या पावणेदोनपट जवळून बघणं. तिथं मराठी मजकूर खवल्यासारखा दिसतो.

यावरून फुल एचडी कुठं पुरतो तेही कळेल, आणि तो बऱ्याच ठिकाणी पुरतो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानांत बिलिंगचं काम असतं. आकडे, वजनं, नावं, फॉन्ट मोठा, बसणारा खुर्चीत मागे रेलून बसलेला. तिथं २२ किंवा २४ इंची फुल एचडीच्या वर खर्च करण्याचं मला काही कारण दिसत नाही. १५.६ इंची लॅपटॉपवर फुल एचडी म्हणजे १४१ पीपीआय, अंतर येतं ६२ सेंटिमीटर. लॅपटॉप साधारण तेवढ्यावरच असतो, म्हणजे तिथंही पुरतं. घरातला ४३ इंची टीव्ही फुल एचडी असला तर साडेपाच फुटांच्या पलीकडून पिक्सेल दिसत नाहीत, आणि हॉलमध्ये आपण आठ-नऊ फुटांवर बसतो. ज्यांची चाळिशी उलटली आहे आणि नुसता मोठा आकडा वाचायचा आहे, अशा काउंटरवरच्या माणसाला २७ इंची फुल एचडीही चालतो, मीटरभर लांब ठेवून. डीटीपी त्यात बसत नाही.

आता दुसऱ्या दुकानदाराचं म्हणणं. फोर-के पॅनल म्हणून उत्तमच आहे, त्यात वाद नाही. अडचण तुमच्या सॉफ्टवेअरची आहे.

२७ इंचात १६३ पीपीआय म्हणजे सगळं काही फार बारीक. पेजमेकरच्या पट्टीवरचं १६ पिक्सेलचं चिन्ह तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवर चार मिलिमीटर रुंद दिसतं, फोर-केवर ते अडीच मिलिमीटर होईल. म्हणून विंडोज तिथं स्केल १५० टक्के ठेवून सगळं दीडपट मोठं करून दाखवतं. नवीन सॉफ्टवेअरला हे मोठं करणं समजतं. ते विंडोजला विचारतं, किती टक्के, आणि त्या मापानं अक्षर नव्यानं, जास्त पिक्सेल वापरून काढतं. म्हणून ब्राउझरमधली मराठी फोर-केवर छापल्यासारखी दिसते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती आली २००१मध्ये. तेव्हा असे पडदे टेबलावर नव्हतेच, त्यामुळे त्याला हा प्रकारच ठाऊक नाही. मग विंडोज काय करतं? पेजमेकरला सांगतं की पडदा २५६० × १४४०चा आहे. पेजमेकर तेवढ्यातच पान काढतं. आणि ते तयार चित्र विंडोज दीडपट ताणून फोर-केवर पसरतं. झेरॉक्स मोठी करावी तसं.

परिणाम बघा. पानाला मिळाले तेच १२६० पिक्सेल, म्हणजे क्यूएचडीवर मिळतात तितकेच. वर ते ताणल्यामुळे कडा धुरकट झाल्या. एका पिक्सेलचे दीड पिक्सेल काढता येत नाहीत, म्हणून विंडोज शेजारच्या पिक्सेलमध्ये रंग मिसळतं, आणि नेमकी शिरोरेषा मऊ पडते. म्हणजे फोर-केचे पैसे देऊन क्यूएचडीपेक्षा खराब पेजमेकर. कोरलच्या जुन्या आवृत्त्यांचंही कमी-जास्त प्रमाणात असंच होतं, नव्या आवृत्त्या मोठ्या पडद्याला सांभाळून घेतात.

यावर एक उपाय आहे, तो माहीत असावा. प्रोग्रामच्या चिन्हावर राइट क्लिक करून `Properties`, त्यात `Compatibility`, मग `Change high DPI settings`, आणि तिथं `Override high DPI scaling behavior`वर खूण करून `Application` निवडायचं. मग विंडोज ताणणं थांबवतं आणि पेजमेकर पूर्ण फोर-के वापरतं. पान खरोखर सुरेख दिसतं. पण चिन्हं आणि मेनू अडीच मिलिमीटरचे होतात, आणि ज्याचे डोळे आधीच दुखतायत त्याला हे सोसणारं नाही. तासगावच्या एका प्रेसमध्ये मी हे लावून दिलं होतं. आठवड्याभरात त्यांनी पडद्याचं रिझोल्यूशनच १९२० × १०८० वर आणून ठेवलं. म्हणजे फोर-के पॅनलवर फुल एचडी चित्र, तेही ताणलेलं. अशी मांडणी बऱ्याच ठिकाणी बघायला मिळते. ‘फोर-के घेतला पण काही फरक नाही’ असं कोणी म्हणालं की मी आधी `Display resolution`मध्ये काय लिहिलंय ते बघतो. पॅनलचे जितके पिक्सेल, तितकंच रिझोल्यूशन हवं. तिथं शेजारी `Recommended` असं लिहिलेलं असतं, तेच निवडायचं. क्यूएचडीवरही हे तितकंच खरं आहे. अक्षर मोठं हवं म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. मोठं करायचं तर प्रोग्राममधला झूम वापरा.

क्यूएचडी २७ इंचावर तुम्ही स्केल १०० टक्केच ठेवायचा. तिथं ताणाताणीचा प्रश्नच येत नाही, पेजमेकर जसं काढतं तसंच दिसतं. मेनूची अक्षरं तुमच्या सध्याच्यापेक्षा सहाएक टक्के लहान होतील, म्हणजे १०२ वरून १०९. दोन दिवसांत सवय होते. २४ इंची फुल एचडीवरून येणाऱ्याला हाच फरक १५ टक्के पडतो आणि तो माणूस कुरकुरतो. तुमच्या बाबतीत साडेएकवीस इंची आधीपासून वापरत असल्याचा इथं फायदा आहे.

आता जोडणी. बहुतेकांची फजिती इथं होते, मॉनिटर घरी आणून लावल्यावर. एच-६१ बोर्डाच्या मागे साधारणपणे व्हीजीए असतो, सोबत डीव्हीआय किंवा एचडीएमआय. त्या पिढीत बोर्डावरच्या एचडीएमआयची मर्यादा बहुधा १९२० × १२०० असते, बोर्डाच्या माहितीपत्रकात ती लिहिलेली सापडेल. साध्या सिंगल-लिंक डीव्हीआयचीही तेवढीच. व्हीजीएवरून मोठं चित्र गेलंच तर अक्षरांना सावली पडते, त्यामुळे तो धरूच नका. म्हणजे क्यूएचडी मॉनिटर तुमच्या बोर्डाला जोडला तर चित्र येईल, पण १९२० × १०८०चं, १.३३ पटीनं ताणलेलं. दुकानात नव्या कॉम्प्युटरवर बघितलेला स्वच्छ पडदा आपल्या जागी आणल्यावर धुरकट दिसतो तो यामुळे. लोक मॉनिटरला दोष देतात आणि परत करतात.

यावर उपाय स्वस्त आहे. जीटी १०३० जातीचं छोटं ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या लांब खाचेत बसतं. ३० वॉटच्या आसपास वीज घेतं, वेगळी वायर लागत नाही, साधा एसएमपीएस पुरतो. त्यावर एचडीएमआय २.० आहे, क्यूएचडी ६० हर्ट्झवर आरामात चालतो. गेमिंगच्या दृष्टीनं ते कार्ड किरकोळ आहे, पण तुम्हाला फक्त पडद्याला पिक्सेल पुरवायचे आहेत. कॅबिनेट पातळ असेल तर लो प्रोफाइल पट्टी असलेलं मागा. आणि कार्ड तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये घालून चालू करून दाखवायला सांगा, कारण जुन्या बोर्डांवर एखादं कार्ड चित्रच देत नाही असंही होतं. कॉम्प्युटरच बदलायचा विचार असेल तर मागे डिस्प्लेपोर्ट असलेला घ्या. कंपन्यांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनला तो सहसा असतो, आणि त्याच्यावरून क्यूएचडी कुठल्याही कार्डाशिवाय चालतो.

जोडल्यावर दोन ठिकाणी बघा. `Display resolution`मध्ये 2560 × 1440 दिसलं पाहिजे, आणि `Advanced display`मध्ये 60 Hz. तिथं 30 Hz दिसत असेल तर माउसचा बाण फिरवताना अडखळतो, उड्या मारत जातो. बहुतेक वेळा केबल जुनी असते किंवा दुसऱ्याच पोर्टात लावलेली असते. कार्ड घातल्यावर केबल कार्डाच्या पोर्टात घालायची, बोर्डाच्या नाही. सांगायची गोष्ट वाटत नाही, पण हे हमखास होतं.

मॉनिटर निवडताना खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांकडे बघू नका. ‘टू-के’ कोणी कशालाही म्हणतं, आणि ‘फोर-के सपोर्टेड’ म्हणजे पॅनल फोर-के आहे असं नव्हे, फोर-के चित्र आत घेऊन ते लहान करून दाखवतो एवढंच. माहितीच्या तक्त्यात नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणून जे लिहिलंय ते खरं. पॅनल आयपीएस मागा, कारण पत्रिकेचा रंग बाजूनं बघणाऱ्या ग्राहकालाही तोच दिसायला हवा.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर तुमच्या एखाद्या अहवालाचं पीडीएफ घेऊन जा, १० पॉइंट मजकुराचं. तिथले लोक चकचकीत व्हिडिओ लावून दाखवतात. त्यावरून अक्षरांचं काहीच कळत नाही, हलत्या चित्रात डोळा बारकावा शोधतच नाही. तुमचं पान पूर्ण दिसेल असं लावा, टेपनं ६० सेंटिमीटर मोजून खुर्ची ठेवा, चष्मा जो कामाला वापरता तोच घाला, आणि ‘वार्षिक’, ‘आर्थिक’, ‘सर्वांना’, ‘वर्षांपासून’ असे शब्द शोधा. रफार आणि अनुस्वार वेगळे मोजता येतात का ते बघा. मान पुढे न काढता आलं तर तो पडदा तुमच्या कामाचा. हेच शेजारच्या २७ इंची फुल एचडीवर करून बघा, म्हणजे मी वर जे आकडे दिले ते डोळ्यांनाच पटतील.

चष्म्याचा उल्लेख केला तो मुद्दाम. चाळिशीनंतर लागणारा वाचायचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी, ३५-४० सेंटिमीटरसाठी काढलेला असतो. तो घालून ६५ सेंटिमीटरवरचा पडदा बघितला तर चित्र मुळातच धूसर पडतं. मग पिक्सेल कितीही वाढवा, फरक कळत नाही. डोळे तपासायला जाल तेव्हा टेपनं मोजलेलं अंतर सांगा आणि त्या अंतराचा नंबर मागा. मॉनिटरवर खर्च करण्याआधी हे करा, कारण डोळेदुखीचं निम्मं कारण तिथंही असू शकतं.

एक शंका तुमच्या ग्राहकांकडून येईल, ‘नवीन पडद्यामुळे छपाई चांगली येईल का?’ नाही. छपाईला जातो तो फाइलमधला मजकूर आणि फोटो. ए-फोरवर ३०० डीपीआयला २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, ते फोटोत असतात किंवा नसतात. दहा फुटी फ्लेक्सही पडद्याच्या रिझोल्यूशनवर अवलंबून नसतो. पडदा सुधारला की चुका छापण्याआधी दिसतात, एवढंच त्याचं काम.

जुना साडेएकवीस इंची विकू नका. फारसे पैसे येणार नाहीत, आणि तुमच्या बाबतीत तो नव्याच्या शेजारी अगदी जुळतो. एकाची घनता १०२, दुसऱ्याची १०९, दोन्हींचा स्केल १०० टक्के. त्यामुळे खिडकी इकडून तिकडे ओढली तरी मजकुराचा आकार जवळपास तोच राहतो. ग्राहकाचं व्हॉट्सॲपवर आलेलं हस्तलिखित जुन्या पडद्यावर उघडून ठेवा आणि २७ इंचावर टाइप करा. फोर-के शेजारी ठेवला असता तर दोन पडद्यांचे दोन स्केल झाले असते आणि पेजमेकरची खिडकी सरकवताना लहान-मोठी, स्वच्छ-धुरकट होत राहिली असती. जोडताना जुन्याची केबल कार्डाच्या दुसऱ्या पोर्टात लावा. जीटी १०३०वर बहुधा एक एचडीएमआय आणि एक डीव्हीआय असतो. तो डीव्हीआय फक्त डिजिटल असतो, त्याला साधा व्हीजीए कन्व्हर्टर चालत नाही. जुन्या मॉनिटरला नुसता व्हीजीए असेल तर हे आधी तपासा.

फोर-केचा विचार कधी करायचा? काम युनिकोडमध्ये आणि इनडिझाइनच्या नव्या आवृत्तीत गेलं की. तेव्हा १५० टक्के स्केलवर काम करायला जागा क्यूएचडीएवढीच मिळेल, पण प्रत्येक अक्षर सव्वादोनपट पिक्सेलनी काढलेलं असेल आणि पूर्ण पानातही १० पॉइंटचा रफार झूम न करता वाचता येईल. त्या वेळी एच-६१ मशीन मात्र बदलावंच लागेल. आज घातलेलं कार्ड फोर-के ६० हर्ट्झवर देतं, पण नवं इनडिझाइन त्या आय-थ्रीवर रेटणार नाही.